पावसात फाटणारा वीणेचा आवाज: जेफेट बदलूनही दोष परत का येतो

बेळगावात दुकान चालवताना काही दुरुस्त्या ऋतूप्रमाणे येतात. मृग निघाला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूने पावसाचा जोर वाढला, की खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळाचा वीणेचा प्रीअँप माझ्या टेबलावर येतो. तक्रार दरवर्षी तीच. मंडळाचे बुवा यंदाही तेच म्हणाले, "पावसात परत तसंच झालंय की ओ. हलकं वाजवलं तर बरं, जोर दिला की आवाज फाटतोय."

सलग तीन वर्षं मी त्यातला जेफेट, म्हणजे सिग्नल वाढवणारा ट्रान्झिस्टर, बदलून दिला. प्रत्येक वेळी दुकानातून आवाज स्वच्छ होऊन गेला आणि दोन-तीन आठवड्यांत तक्रार परत आली. यंदा मात्र काढलेले तिन्ही जेफेट एकेक करून मोजले. तिन्ही चांगले निघाले. म्हणजे दोष जेफेटमध्ये कधी नव्हताच. सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने बोर्ड वाळत होता आणि तेवढ्यापुरता आवाज सुधारत होता. हाच घोळ इतरांच्याही टेबलावर होत असणार, म्हणून कारण आणि तपासणी दोन्ही सविस्तर लिहितो.

आधी सर्किट. ९ व्होल्टची बॅटरी आणि एन-चॅनेलचा २एन५४५७ जेफेट. ड्रेनला ४.७ किलोओम, सोर्सला १.५ किलोओम, आणि गेटपासून ग्राउंडला १० मेगाओम. वीणेच्या घोडीखाली बसवलेल्या पिझो पट्टीची तार थेट गेटवर येते. जगभर हजारो लोकांनी बांधलेलं साधं सर्किट आहे हे.

एवढा मोठा १० मेगाओमचा रेझिस्टर का? पिझो पट्टी म्हणजे विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर. ही पट्टी मीटरवर १.२ नॅनोफॅरड भरली. तिच्यासमोर १० मेगाओम ठेवले तर खर्जातला आवाज सुमारे १३ हर्ट्झपर्यंत शाबूत राहतो. तिथे १ मेगाओम लावला तर हीच मर्यादा १३० हर्ट्झच्या वर जाते आणि वीणेचा भरीवपणाच निघून जातो. म्हणून या कामाला जेफेट लागतो. १० मेगाओमवर उभा राहणारा सिग्नल ज्याला खेचून खाली आणायचा नाही, त्याने स्वतः जवळजवळ काहीच करंट घ्यायला नको.

जेफेट करंट का घेत नाही, हे नीट समजलं तरच पुढची तपासणी पटेल. चॅनेल म्हणजे एन प्रकारच्या सिलिकॉनची पट्टी. तिच्या एका टोकाला सोर्स, दुसऱ्या टोकाला ड्रेन. गेट हा पी प्रकारचा भाग तिला लागून असतो. दोघांमध्ये एक पीएन जंक्शन तयार होतं, म्हणजे साधा डायोडच. आपण हा डायोड कायम उलट्या दिशेने ठेवतो, गेट ऋण आणि चॅनेल धन. उलट्या डायोडभोवती डिप्लिशन थर तयार होतो, ज्यात वाहून नेणारे इलेक्ट्रॉन उरलेले नसतात. त्या थरातून करंट जायला फक्त उष्णतेने अधूनमधून सुटणारे मोजके वाहक असतात. २एन५४५७ च्या डेटाशीटमध्ये २५ अंशांना गेटची गळती जास्तीत जास्त १ नॅनोअँपिअर दिली आहे. प्रत्यक्षात चांगला नग त्याच्याही बराच खाली असतो. हा १ नॅनोअँपिअर १० मेगाओममधून गेला, तरी गेट फक्त १० मिलिव्होल्टने हलेल.

आणि तरीही गेट चॅनेलवर हुकूम चालवतो, तो करंट देऊन नव्हे, डिप्लिशन थर फुगवून. गेट जितका ऋण, तितका थर जाड, तितकी चॅनेलची मोकळी वाट अरुंद. एका ठराविक ऋण व्होल्टेजला थर पूर्ण चॅनेल व्यापतो आणि करंट थांबतो. हे झालं कट-ऑफ व्होल्टेज. बुवांच्या प्रीअँपमधल्या नगाचं ते उणे २ व्होल्ट भरलं. गेट-सोर्स जोडलेले असताना वाहणारा पूर्ण करंट, म्हणजे आयडीएसएस, ३ मिलिअँपिअर भरला.

पिंच-ऑफ हा शब्द मात्र दोन ठिकाणी वापरला जातो आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. एक अर्थ वर सांगितला, गेटने चॅनेल पूर्ण बंद केलं तो. दुसरा अर्थ ड्रेनकडचा. ड्रेन सोर्सपेक्षा धन असतो, त्यामुळे गेट आणि चॅनेल यांच्यातलं उलटं व्होल्टेज ड्रेनच्या टोकाला सर्वात जास्त असतं. थर तिथे जास्त फुगतो, वाट पाचरीसारखी निमुळती होते आणि ड्रेनजवळ मिटते. पण इथे करंट थांबत नाही. तो तेवढाच राहतो. वाट मिटते त्या बिंदूपर्यंतचं व्होल्टेज ठरलेलं असतं, म्हणून तिथवर येणारे इलेक्ट्रॉनही ठरलेले असतात. पुढे ड्रेनचं व्होल्टेज वाढवलं तर वाढीव व्होल्टेज त्या मिटलेल्या छोट्या भागावर पडतं, आणि आलेले इलेक्ट्रॉन तिथल्या जोरदार विद्युत क्षेत्राने ओढून पलीकडे टाकले जातात.

गोकाकचा धबधबा आठवा. सुमारे ५२ मीटरची उडी आहे. पण दर सेकंदाला किती पाणी पडेल हे उडीच्या उंचीवर ठरत नाही, काठापर्यंत घटप्रभा किती पाणी आणते यावर ठरतं. उडी आणखी खोल असती तरी पाणी तेवढंच पडलं असतं. ड्रेनच्या टोकाचा पिंच-ऑफ तसाच असतो. जोपर्यंत काठ आणि खालचा डोह यांत पुरेसं अंतर आहे, तोपर्यंत करंट फक्त गेट ठरवतो. डोहाचं पाणी काठापर्यंत चढलं तर धबधबा उरत नाही, साधा प्रवाह होतो. जेफेटचंही तेच होतं. ड्रेन-सोर्स व्होल्टेज कमी पडलं की तो अँप्लिफायर न राहता रेझिस्टरसारखा वागू लागतो.

पुरेसं म्हणजे किती? दोन्हींचं उणे चिन्ह सोडून, कट-ऑफ व्होल्टेजमधून गेट-सोर्सचं व्होल्टेज वजा केलं की जे उरतं, किमान तेवढं. हा एक आकडा लक्षात ठेवा, बुवांच्या तक्रारीचं मूळ त्यातच आहे. पिंच-ऑफ टिकलेला असताना करंट ID या सूत्राने काढता येतो, त्यात VGS म्हणजे गेट-सोर्सचं व्होल्टेज, VGS(off) म्हणजे कट-ऑफ, आणि दोन्ही उणे चिन्हासह घ्यायचे:

```
ID = IDSS × (1 − VGS / VGS(off))²
```

कोरड्या दिवसाचा हिशेब करू. गेट शून्यावर. सोर्सच्या रेझिस्टरमधून करंट गेला की सोर्स वर उचलला जातो, म्हणून सोर्सच्या मानाने गेट आपोआप ऋण होतो. सूत्र आणि १.५ किलोओम दोन्ही एकत्र सोडवले की करंट ०.६९ मिलिअँपिअर येतो, सोर्स १.०४ व्होल्टवर आणि ड्रेन ५.७ व्होल्टवर. ड्रेन आणि सोर्समध्ये ४.७ व्होल्टचं अंतर. पिंच-ऑफसाठी लागतं २ वजा १.०४, म्हणजे ०.९६. भरपूर जागा आहे. वीणेवर जोरात बोट पडलं तरी ड्रेन खाली उतरताना धबधबा तुटत नाही.

पावसातला प्रीअँप टेबलावर आला तेव्हा मीटरने सांगितलं: सोर्स १.७५, ड्रेन ३.५. अंतर फक्त १.७५ व्होल्ट. सोर्स १.७५ वर असेल तर करंट १.७५ भागिले १.५, म्हणजे १.१७ मिलिअँपिअर. एवढ्या करंटला सूत्रातून गेट-सोर्स उणे ०.७५ येतं. म्हणजे गेट शून्यावर नाही, ग्राउंडपासून १ व्होल्ट वर आहे. पिंच-ऑफला आता १.२५ व्होल्ट लागतात, जागा अर्धा व्होल्टच उरली. वाजवताना गेट ०.३ व्होल्टने जरी वर गेला, तरी ड्रेन जवळजवळ ०.७ ने खाली येतो आणि सोर्स ०.२ ने वर चढतो. अंतर ०.८५ वर येतं, लागतात १.३. लाटेचा एकच काठ चेपला जातो. "हलकं बरं, जोर दिला की फाटतोय" याचं कारण हे.

आता १ व्होल्ट कुठून आला? १० मेगाओमवर १ व्होल्ट म्हणजे १०० नॅनोअँपिअर. डेटाशीटची कमाल मर्यादा १. शंभरपट करंट गेटमधून येत असेल तर जेफेट पूर्ण बिघडलेला असायला हवा. मग आवाज दोन आठवडे चांगला राहून पावसात पुन्हा बिघडला नसता. बोर्ड उलटा धरून पाहिला तेव्हा दिसलं की बॅटरीच्या ९ व्होल्टची पट्टी गेटच्या पॅडपासून मिलिमीटरभर अंतरावरून जाते, आणि मधल्या जागेत पिवळसर चिकट पेस्ट पसरली आहे. ही डबीतली सोल्डर पेस्ट आपल्याकडे सर्रास वापरतात. तिचा उरलेला थर हवेतलं पाणी धरतो. कोरडा असेपर्यंत काही होत नाही. दमट हवेत तो रेझिस्टर बनतो. ९ व्होल्टपासून १ व्होल्टपर्यंत ८ व्होल्ट, भागिले १०० नॅनोअँपिअर: ८० मेगाओम. ८० मेगाओमची गळती कुठल्याही साध्या सर्किटमध्ये कुणाच्या ध्यानातही येत नाही. इथे येते, कारण गेट करंट घेत नाही आणि म्हणून समोर १० मेगाओम ठेवता आलेत. जेफेटच्या ज्या गुणासाठी त्याला निवडलं, त्यानेच बोर्डवरची मळी सर्किटचा भाग बनवली.

तपासताना पहिली चूक होते ती मीटर सरळ गेटवर लावण्याची. चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रोध १० मेगाओम असतो. तो गेटच्या १० मेगाओमला समांतर येतो आणि १ व्होल्टऐवजी जेमतेम ०.५३ दिसतो. आणखी गंमत अशी की प्रोब टेकवलेला असताना गेट खाली येतो आणि आवाज सुधारतो. मी पहिल्या वर्षी हे पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही. स्वस्त मीटरमध्ये आतला रोध १ मेगाओमच असतो, त्यावर तर जेमतेम ०.१ व्होल्ट दिसतो. म्हणून गेट कधी मोजू नका, सोर्स मोजा. सोर्सवर फक्त दीड किलोओम आहे, तिथे मीटरचा काही त्रास नाही.

दुसरी तपासणी निर्णायक आहे. मीटर सोर्सवर ठेवा आणि वायरच्या तुकड्याने गेट थेट ग्राउंडला जोडा. सोर्स १.७५ वरून १.०४ वर आला तर जेफेट चांगला आहे आणि गेटवर बाहेरून काहीतरी करंट येतो आहे. सोर्स हललाच नाही तर गळती नाही, दोष त्या नगाच्या आकड्यांमध्ये आहे.

हा फरक करायलाच हवा, कारण दोन्ही दोषांत ड्रेन-सोर्सचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात. २एन५४५७ च्या डेटाशीटप्रमाणे कट-ऑफ उणे ०.५ पासून उणे ६ व्होल्टपर्यंत कुठेही असू शकतो, आणि आयडीएसएस १ पासून ५ मिलिअँपिअरपर्यंत. समजा तुम्ही पेटीतून काढलेला नवा नग उणे ४ व्होल्ट आणि ५ मिलिअँपिअरचा आहे. याच सर्किटमध्ये तो सोर्सवर सुमारे १.८५ आणि ड्रेनवर सुमारे ३.२ देईल. अंतर १.३५ च्या आसपास, लागतात २.१५. म्हणजे बोर्ड कडकडीत कोरडा असला तरी हा जेफेट पहिल्या क्षणापासून पिंच-ऑफच्या बाहेर आहे. नग चांगला, डेटाशीटमध्ये बसणारा, पण या रेझिस्टरांशी न जुळणारा. यात ड्रेनचा रेझिस्टर कमी करा किंवा सोर्सचा वाढवा, नाहीतर दुसरा नग निवडा.

म्हणून नग लावण्याआधी मोजायची सवय ठेवा. ड्रेन ९ व्होल्टला, गेट ग्राउंडला, आणि सोर्सपासून ग्राउंडला १ मेगाओम जोडा. सोर्सवर जे दिसेल ते कट-ऑफच्या अगदी जवळचं असतं, कारण करंट दोनेक मायक्रोअँपिअरच उरतो. आयडीएसएस काढायला गेट-सोर्स एकत्र जोडून ग्राउंडला द्या आणि ड्रेनच्या वाटेत मिलिअँपिअर मीटर ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. तिसरी मोजणी गळतीची, तिला महाग यंत्र लागत नाही. ड्रेन आणि सोर्स एकत्र बांधून बॅटरीच्या धन टोकाला लावा. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून एक प्रोब गेटला, दुसरा बॅटरीच्या ऋण टोकाला. १० मेगाओमच्या मीटरवर दिसणारा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे ०.१ नॅनोअँपिअर. माझ्या खणात पडलेल्या तिन्ही जुन्या जेफेटनी ०.० दाखवलं. ही मोजणी करताना नग हातात धरू नका, पायांवर बोटांचा घाम लागला तर त्याचीच गळती दिसते. गेट खरोखर बिघडलेला असेल, उदाहरणार्थ अर्थिंग नसलेल्या सोल्डरिंग आयर्नमुळे, तर आकडा मीटरची मर्यादा ओलांडतो आणि वाळवून खाली येत नाही.

गळती नेमकी कुठे आहे हे शोधायला मी श्वासाचा वापर केला. हेअर ड्रायरने बोर्ड वाळवला, सोर्स १.०४ वर स्थिर झाला. मग गेटच्या पॅडवर तोंडाने 'हा' करून दमट श्वास सोडला. आकडा १.३, १.५ करत चढला आणि हळूहळू उतरला. बोर्डच्या दुसऱ्या टोकाला तेच केलं तेव्हा आकडा जराही हलला नाही.

दुरुस्ती अशी केली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन पेस्ट काढली, एकदा नाही, तीनदा, प्रत्येक वेळी नवं अल्कोहोल घेऊन. पहिल्या वेळी मळी विरघळून बोर्डभर पसरते, तिथेच थांबलं तर गळती वाढते. मग गेटचा पाय बोर्डमधून बाहेर काढला आणि १० मेगाओमचं टोक व पिझोची तार त्याला हवेतच सोल्डर केली. हवेतून गळती होत नाही. ज्यांना पाय उचलायचा नाही त्यांनी गेटच्या पॅडभोवती ग्राउंडला जोडलेलं तांब्याचं कडं ठेवावं. ९ व्होल्टकडून येणारा करंट मग गेटपर्यंत न पोचता कड्यातच उतरतो. शेवटी बोर्ड ड्रायरखाली पंधरा मिनिटं गरम करून, गरम असतानाच वॉर्निशचा पातळ हात दिला. दमट बोर्डवर वॉर्निश कधीही लावू नये. पाणी आत कोंडलं जातं आणि मग तो दोष वाळवूनही जात नाही.

उन्हाळ्याची भीती मात्र काढून टाका. गेटची स्वतःची गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. चाळीस अंशांत डेटाशीटचा सर्वात वाईट नगसुद्धा ३ नॅनोअँपिअरच्या आसपास जाईल, म्हणजे गेटवर ३० मिलिव्होल्ट. दिंडीत उन्हात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात ६० अंश धरले तरी ०.१ व्होल्टच्या थोडं वर. आवाज फाटायला ते पुरत नाही. जे लोक हेच सर्किट २४ किंवा ३० व्होल्टवर चालवतात त्यांनी मात्र जपावं, कारण ड्रेन-सोर्स व्होल्टेज फार वाढलं की ड्रेनजवळच्या जोरदार क्षेत्रात नवे वाहक तयार होतात आणि गेटची गळती झपाट्याने चढते. ९ व्होल्टवर त्याचा प्रश्न येत नाही.

ज्यांच्या वाद्याला पितळेची गोल पिझो चकती आहे त्यांनी आधी तिचा कपॅसिटन्स मोजावा. २० नॅनोफॅरडच्या आसपास असेल तर १० मेगाओमची गरजच नाही. १ मेगाओम लावला तरी खर्ज ८ हर्ट्झपर्यंत टिकतो, आणि तीच ८० मेगाओमची गळती गेटला फक्त ०.११ व्होल्टने हलवते.

बुवांचा प्रीअँप आषाढी एकादशीच्या आधी परत गेला. जेफेट जुनाच आहे. डब्याच्या झाकणावर आतून कागद चिकटवून लिहून ठेवलंय: सोर्स १.०४, ड्रेन ५.७. पुढच्या पावसात कुणीही उघडलं तरी पहिले हे दोन आकडे ताडून बघता येतील.